गप्प कोण बसतं, आणि फक्त इंग्रजीतच का?

पत्र : मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गाचा पट ५४. बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड नाहीतर दखनी. मुलं लिहितात बऱ्यापैकी, पण बोलायची वेळ आली की माना खाली. मुख्याध्यापकांनी यंदा कृतिसंशोधन करून फेब्रुवारीत अहवाल द्यायला सांगितलंय. 'इंग्रजी बोलण्याची भीती : कारणे व उपाय' असं शीर्षक ठरवलंय आणि ४० प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे. पुढे पूर्वचाचणी, महिनाभर रोज दहा वाक्यांचा सराव, उत्तरचाचणी आणि दोन्ही चाचण्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना हे बघायला टी-मूल्य. एका वर्गाचा न्यादर्श चालेल का, आणि प्रश्नावली योग्य आहे का, एवढं सांगावं.
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर :

न्यादर्शाची काळजी सोडून द्या. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ साली या प्रकाराची मांडणी केली आणि शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी १९५३ च्या पुस्तकातून तो शाळांपर्यंत आणला, तेव्हापासून कृतिसंशोधनाचा हेतू एकच राहिला आहे. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातली अडचण स्वतः तपासायची, काहीतरी बदलून बघायचं आणि त्याचं काय झालं हे नोंदवायचं. तुमचा निष्कर्ष बार्शीच्या किंवा पंढरपूरच्या आठवीला लागू पडेलच, असा दावा तुम्हाला करायचाच नाही. ५४ मुलांचा एक वर्ग म्हणजे पुरेसं काम आहे, किंबहुना थोडं जास्तच.

मला अडतं ते शीर्षकापाशी. 'भीती' हा शब्द तिथे आला की उत्तर आधीच लिहून झालं. मग प्रश्नावलीत भीतीचेच प्रश्न येणार, मुलं 'होय' वर खूण करणार आणि अहवालात 'विद्यार्थ्यांच्या मनात भीती आढळली' असं छापलं जाणार. मुलांना हे उत्तर पाठ असतं. बाईंनी विचारलं, 'का रे बोलत नाहीस?' की 'भीती वाटते' म्हणून सुटका होते, कारण त्यावर कोणी रागावत नाही. 'मला तो शब्दच येत नाही' किंवा 'तुम्ही मला कधी विचारतच नाही' हे म्हणणं कितीतरी अवघड. त्यातून ते विचारणार कोण? तोंडी परीक्षेचे गुण ज्यांच्या हातात आहेत, त्या तुम्हीच.

बाजारात तयार मापनी मिळेल. भाषावर्गातली चिंता मोजण्यासाठी हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली ३३ विधानांची एक मापनी प्रसिद्ध केली, आणि कृतिसंशोधनांत तिची भाषांतरं सर्रास वापरली जातात. पण ती बेतली होती अमेरिकेतल्या विद्यापीठात परकी भाषा निवडून शिकणाऱ्या तरुणांवर. एकच भाषा बोलत मोठा झालेला तो विद्यार्थी कुठे आणि घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी-दखनी असं सहज फिरणारं तुमचं तेरा वर्षांचं पोर कुठे? आजी-आजोबांशी एक भाषा, दुकानदाराशी दुसरी, बाईंशी तिसरी, हे त्याचं रोजचं आहे. नवी भाषा तोंडात यायची त्याला सवय नाही, असं कसं म्हणायचं?

म्हणूनच अशा अहवालांच्या 'कारणे' या प्रकरणातलं ठरलेलं पहिलं वाक्य, 'घरी इंग्रजीचे वातावरण नाही', मला पटत नाही. ते खोटं नाही, पण तुमच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्याच ५४ जणांना ते लागू आहे. जी आठ-दहा मुलं पटापट हात वर करतात, त्यांच्या घरी तरी कुठे इंग्रजी आहे? सगळ्यांना सारखं असलेलं कारण एक मूल बोलतं आणि दुसरं का बोलत नाही, हे सांगू शकत नाही. तुम्हाला शोधायचं आहे ते या दोन मुलांमध्ये जे वेगळं आहे ते.

तेव्हा 'का' विचारण्याआधी 'कोण' आणि 'केव्हा' हे मोजू या. आणि अगदी पहिला प्रश्न असा ठेवा : ही मुलं मराठीच्या तासालाही गप्प असतात का? पत्रात त्याबद्दल काही नाही, आणि सहसा कोणी ते बघतही नाही. जे मूल मराठीच्या आणि विज्ञानाच्या तासालाही तोंड उघडत नाही, त्याच्या गप्प बसण्याचा इंग्रजीशी संबंध थोडाच. त्याला रोज दहा वाक्यं म्हणायला लावून काय हाती लागणार?

मोजायची रीत सोपी आहे. वर्गाचा बैठक आराखडा एका कागदावर काढा, बाकं आणि मुलांचे क्रमांक टाका, त्याच्या दहा-बारा झेरॉक्स काढा. एका तासिकेला एक प्रत. मूल स्वतः हात वर करून बोललं तर त्याच्या चौकोनात 'ह', तुम्ही नाव घेतल्यावर बोललं तर 'न', नाव घेऊनही गप्प राहिलं तर शून्य. सगळ्या वर्गाने एकसुरात दिलेलं उत्तर मोजायचं नाही. त्या गजरात कोण बोललं आणि कोणी नुसते ओठ हलवले, ते कळत नाही. गैरहजर मुलाच्या चौकोनावर आडवी रेघ मारा, नाहीतर न आलेलं पोर 'गप्प' म्हणून मोजलं जाईल. शिकवता शिकवता ही नोंद तुमच्याने होणार नाही. ऑफ तासिका असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवा. इंग्रजीच्या चार तासिका आणि मराठीच्या दोन, एवढं पुरे. मराठीच्या सरांना आधी विश्वासात घ्या, म्हणजे त्यांना आपली तपासणी चाललीय असं वाटणार नाही.

इंग्रजीच्या त्याच तासिकांत स्वतःचा फोन टेबलावर ठेवून आवाज रेकॉर्ड करा. घरी ऐकताना हातात सेकंद दाखवणारं घड्याळ घ्या. तुमचा प्रश्न संपल्यापासून तुम्ही पुन्हा बोलेपर्यंत, म्हणजे दुसऱ्याचं नाव घेईपर्यंत किंवा उत्तर स्वतःच सांगेपर्यंत, किती वेळ जातो? मेरी बड रो या संशोधिकेने अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. तुमच्या मुलाला प्रश्न इंग्रजीत समजून घ्यायचा, उत्तर मनात जुळवायचं, ते पुन्हा इंग्रजीत करायचं. एका सेकंदात हे कुणाच्याने होईल? त्याच रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट ऐका. कुणी 'इस्कूल' म्हटल्यावर किंवा 'ही वेंट'च्या जागी 'ही गोड' म्हटल्यावर वर्ग हसतो का, आणि हसल्यानंतर त्या आसपासच्या बाकांवरून पुढची दहा मिनिटं कुणी हात वर करतं का, हे आराखड्याशी ताडून बघा.

आता समजा, चार तासिकांनंतर तुमचा तक्ता असा निघाला. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील. एकेकट्याने बोलण्याचे एकूण ९६ प्रसंग. त्यातले ६१ प्रसंग ९ मुलांचे. १४ मुलं मिळून ३५ वेळा बोलली. राहिलेली ३१ मुलं एकदाही नाही. इथपर्यंत तुमचं म्हणणं खरं वाटतं. पण त्या ३१ चौकोनांत शून्य किती आहेत ते बघा. समजा, फक्त ६ आहेत. म्हणजे ६ मुलांना विचारलं आणि ती गप्प राहिली. उरलेल्या २५ जणांना चार तासांत कुणी विचारलंच नाही आणि त्यांनीही हात वर केला नाही. ही मुलं बोलणं 'टाळतात' असं म्हणायला अजून पुरावा नाही. यात तुमच्यावर ठपका नाही. ५४ मुलांचा वर्ग आणि तीस-पस्तीस मिनिटांची तासिका असली की हात वर असलेल्यांकडेच नजर जाते. पण कृतिसंशोधनात शिक्षकही तपासाचा भाग असतो, हे मात्र खरं.

आता या ३१ जणांच्या गप्प बसण्याचे प्रकार वेगळे करू. त्यासाठी एक छोटी चाचणी सुचवते. एकाच तोडीचे तीन साधे प्रश्न घ्या : 'व्हॉट डिड यू ईट लास्ट नाइट?', 'व्हॉट डिड यू डू लास्ट संडे?', 'व्हेअर डिड यू गो इन द व्हेकेशन?' प्रत्येक मुलाने एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहायचं, एकाचं शेजारच्याला सांगायचं आणि एकाचं जागेवर उभं राहून वर्गाला सांगायचं. दोन-दोन वाक्यं. तिन्ही वेळा प्रश्न वेगळा हवा, नाहीतर लिहिलेलंच पाठ म्हणून दाखवलं जातं. सगळ्यांनी आधी लेखन केलं तर शेवटच्या फेरीपर्यंत सराव होतो, म्हणून वर्गाचे तीन गट करा आणि प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या फेरीने होऊ द्या. उभं राहून बोलण्याची फेरी दोन तासिकांत विभागा. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर 'बस, नंतर बघू' म्हणा आणि पुढे जा. चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नका.

जोडीतलं बोलणं तपासायचं कसं, हा प्रश्न तुम्हाला पडेलच, कारण २७ जोड्यांचं तुम्ही एका वेळी ऐकू शकत नाही. त्यावर एक युक्ती चालते. ऐकणाऱ्याने मित्राने काय सांगितलं ते चिठ्ठीवर मराठीत लिहायचं. 'भाकरी, शेंगा चटणी, झोपताना दूध' असं लिहिलेलं आलं, तर काहीतरी बोलणं झालं हे नक्की. ते इंग्रजीत झालं की तेलुगूत, हे चिठ्ठीवरून कळत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत पाच-सहा जोड्यांजवळ जाऊन उभं राहा. सगळ्या वर्गाने ठरवून मातृभाषेत उरकलेलं दिसलं, तर ती फेरी धरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

आपल्या उदाहरणातल्या ३१ जणांचं समजा असं झालं : ११ जणांना लिहिताही आलं नाही. १३ जणांनी लिहिलं, शेजाऱ्याला सांगितलं, पण उभं राहिल्यावर गप्प. आणि ७ जण उभं राहूनही बोलले. आता बघा, 'भीती' या एका नावाखाली तुम्ही तीन निरनिराळी मुलं घातली होती. ७ जणांना फक्त पाळी मिळत नव्हती. १३ जणांना भाषा येते, अडचण समोरच्या ५३ जोडी डोळ्यांची आहे. त्यांच्याबाबतीत भीती म्हणा हवं तर. ११ जणांकडे मात्र बोलायला वाक्यच नाही. तुमचा दहा वाक्यांचा सराव फार तर या ११ जणांच्या थोडाफार कामाचा, बाकी २० जणांचा प्रश्न त्याने सुटायचा नाही.

'का' विचारायचं ते आता, आणि तेही ठरावीक प्रसंगाबद्दल. '४० विधानांपुढे खूण करा' असं नको. त्या १३ जणांपैकी सहा-सात जणांना त्याच दिवशी विचारा, 'आज तिसऱ्या प्रश्नाला तू उभा राहिलास तेव्हा डोक्यात काय चाललं होतं?' दुसऱ्या दिवसापर्यंत मूल ते विसरतं आणि पुन्हा पाठ उत्तर देतं. शक्य असेल तर हे विचारणारी व्यक्ती तुमच्याऐवजी त्यांची भाषा येणारी एखादी सहकारी शिक्षिका असू द्या. तेलुगूत बोलताना मूल जे सांगेल ते तुम्हाला मराठीत सांगेलच असं नाही. मिळालेलं उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा, 'न्यूनगंड' किंवा 'आत्मविश्वासाचा अभाव' असं त्याचं भाषांतर करू नका.

मग कृती. एका वेळी एकच बदल करा. जोडीचर्चा, खेळ, चित्रं, व्हिडिओ आणि बक्षिसं एकदम सुरू केलीत, तर फरक कशाने पडला हे तुम्हालाच कळणार नाही. आपल्या उदाहरणातल्या वर्गासाठी मी क्रम असा लावेन. पहिले दोन आठवडे, प्रत्येक मोठ्या प्रश्नानंतर एक मिनिट शेजाऱ्याशी बोलायचं आणि मग उत्तर. याने १३ जणांना वर्गासमोर येण्याआधी वाक्य एकदा तोंडातून काढून बघता येतं, आणि तुमचा एक सेकंदही आपोआप लांबतो. पुढचे दोन आठवडे, त्याच एका मिनिटानंतर डब्यातून क्रमांकाची चिठ्ठी काढायची. ज्याचा क्रमांक येईल त्याने बोलायचं, हवं तर 'शेजारी काय म्हणाला' तेच सांगायचं. त्या ७ जणांची पाळी यातून लागेल. चिठ्ठ्या आधी आणि जोडी नंतर असं उलट केलंत, तर १३ जणांवर तयारीशिवाय उभं राहायची वेळ येईल आणि ती आणखी मिटतील. ११ जणांचा प्रश्न भाषेचा आहे, त्यासाठी फळ्यावर अर्धी वाक्यं लिहून देण्यासारखं वेगळं काम लागेल. ते या अहवालात बसवायच्या भानगडीत पडू नका. दुसरं चक्र म्हणून पुढे घ्या आणि तसं स्पष्ट लिहा.

दर दोन आठवड्यांच्या शेवटी तोच आराखडा, तसल्याच चार तासिका. कवितेच्या तासांची तुलना व्याकरणाच्या तासांशी करू नका, व्याकरणाला मुलं कमीच बोलतात. एकूण बोलण्याचा आकडा बघून लगेच खूश होऊ नका. ९६ चे १५० झाले आणि वाढ सगळी त्याच ९ जणांची असली, तर तुमचा बदल फसलाय. बघायचं ते ३१ जणांच्या यादीत : आता कितींच्या चौकोनात खूण आली, आणि ती 'न' आहे की 'ह'? चिठ्ठ्या सुरू केल्यावर 'न' वाढणारच, नावं तुम्हीच काढताय. खरा बदल म्हणजे चिठ्ठी नसतानाही 'ह' दिसायला लागणं. शिवाय मराठीच्या दोन तासिका पुन्हा मोजा. तिथेही तितकीच वाढ झाली असेल, तर मुलं वर्षभरात आपोआप मोकळी झाली असण्याची शक्यता जास्त, त्याचं श्रेय जोडीचर्चेला देता येणार नाही.

टी-मूल्याबद्दल. डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, नमुन्यात रकाना असेल तर भरा, पण त्याच्या भरवशावर निष्कर्ष काढू नका. मी असे पुष्कळ अहवाल वाचलेत, ज्यांत महिनाभरात झाडून सगळ्या मुलांचे तोंडी गुण वाढतात. दोन्ही वेळा गुण देणारी व्यक्ती एकच, तिला निकाल काय हवा हे तिलाच माहीत, आणि उत्तरचाचणीतले प्रश्न सरावातलेच. त्यातून आलेलं टी-मूल्य सार्थ निघालं तर नवल काय? तुमचे तीन तक्ते आणि पाच-सहा मुलांचे त्यांच्याच शब्दांतले अनुभव मला त्यापेक्षा जास्त सांगतात. एखाद्या गटात काहीच बदललं नाही, तर तेही लिहा. 'अयशस्वी' म्हणून कृतिसंशोधन परत पाठवणारा परीक्षक भेटलाच, तर दोष अहवालाचा नसेल.

शीर्षक असं ठेवता येईल : 'इयत्ता आठवीच्या इंग्रजी तासिकेत न बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा शोध आणि जोडीचर्चेचा त्यांच्या सहभागावर होणारा परिणाम'. जरा लांब आहे, पण त्यात कारण आधीच ठरवलेलं नाही.

वेळापत्रक आखताना दिवाळीची सुट्टी संपल्यावर लगेच सुरुवात करा. पहिली मोजणी आणि तीन फेऱ्यांची चाचणी दोन आठवड्यांत होईल, दोन्ही बदलांचे मिळून चार आठवडे. मध्ये स्नेहसंमेलनाच्या तालमी आल्या की तासिका फुकट जातात, त्याचा एक आठवडा हाताशी धरा. काहीही झालं तरी शेवटची मोजणी संक्रांतीच्या आधी संपवा. गड्ड्याची यात्रा भरली की निम्मा वर्ग रिकामा असतो, आणि जी मुलं येतात त्यांचंही लक्ष पाळण्यांत असतं.

रेकॉर्डिंगसाठी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती आधी घ्या. चिठ्ठी मराठीत आणि लागेल तिथे तेलुगू-कन्नडमध्येही द्या. मुलांना सांगा की या नोंदींचा तोंडी गुणांशी संबंध नाही, आणि तो खरोखर ठेवू नका. अहवालात नावांऐवजी क्रमांक वापरा. पालक विडी कारखान्यात आहेत की यंत्रमागावर, हे तुमच्या कुठल्याच तक्त्याला लागत नाही, तेव्हा ते लिहू नका. अहवाल दिला की रेकॉर्डिंग फोनमधून काढून टाका, आराखड्याच्या प्रती मात्र दुसऱ्या चक्रासाठी जपून ठेवा.